शिल्लक सौरवीज : ग्रीडला द्यावी की पाण्यात साठवावी?

छतावरील सौरसंचाची वीज दुपारी घरच्या गरजेपेक्षा अधिक होते. ही शिल्लक वीज ग्रीडला न देता पाणी तापवण्याच्या विद्युत रॉडकडे वळवण्याची पद्धत प्रथम ब्रिटनमध्ये रुजली. तेथे २०१० साली सुरू झालेल्या योजनेत लहान घरगुती संचांच्या निर्मितीपैकी निम्मी वीज निर्यात झाली असे गृहीत धरून मोबदला दिला जाई. प्रत्यक्ष निर्यात कमी झाली तरी मोबदला घटत नसल्याने पाण्यात वळवलेली वीज जवळपास फुकट पडत असे. भारतात मात्र अशा विजेचा संधी खर्च शून्य नसतो. तो किती, हे हिशेबाच्या पद्धतीवर ठरते. लखनौचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

उत्तर प्रदेश विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार घरगुती ग्राहकांना नेट मीटरिंगची सोय आहे. दुपारी ग्रीडला दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा होते आणि शिल्लक पुढील महिन्यात जाते. त्यामुळे वजावट होणाऱ्या प्रत्येक युनिटचे मूल्य किरकोळ दराइतके, म्हणजे सुमारे सहा रुपये, असते. परंतु हा हिशेब १ एप्रिल ते ३१ मार्च असा चालतो. वर्षअखेर उरलेली शिलक पुढे ओढली जात नाही, तिचा अल्प दराने मोबदला मिळतो. येथे तो युनिटमागे दोन रुपये धरू.

या तारखांचा लखनौच्या हवामानाशी विलक्षण संबंध येतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात पंखे, कूलर व वातानुकूलन यंत्रांमुळे निर्मिती बहुधा अपुरी पडते आणि तुटीचे बिल त्या त्या महिन्यात भरावे लागते. ऑक्टोबरपासून वापर घटतो व शिलक साठू लागते. ती पुढच्या उन्हाळ्यात उपयोगी पडली असती, परंतु उन्हाळ्याच्या तोंडावरच खाते बंद होते. म्हणजे ज्या महिन्यांत गरम पाणी लागते, त्याच महिन्यांतील शिलक सर्वांत स्वस्त ठरते.

गोमतीनगरमधील ३ किलोवॅटचा संच असलेले एक काल्पनिक घर घेऊ. ऑक्टोबर ते मार्च या काळात तेथे १,९०० युनिट निर्माण होतात व १,२७० वापरले जातात, असे मानले तर ६३० युनिट उरतात. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्यास सुमारे तीन युनिट लागतात. चांगले आवरण असलेल्या टाकीतूनही सकाळपर्यंत एखादे युनिट वाया जाते असे धरल्यास रोज चार युनिट, म्हणजे शंभर दिवसांत ४०० युनिट लागतील. ही वीज विकली असती तर ८०० रुपये मिळाले असते. तेवढेच पाणी गॅसच्या शेगडीवर तापवले, तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे ११० युनिटइतकी उपयुक्त उष्णता मिळते, म्हणून पावणेतीन सिलिंडर लागतील. सिलिंडर ९०० रुपयांचा धरल्यास खर्च सुमारे २,४५० रुपये. बचत १,६५० रुपयांची होते आणि तीतून टाकी व नियंत्रक यांचा खर्च भागवायचा असतो.

आता हेच घर हिवाळ्यातही पुरेपूर वीज वापरते व मार्चअखेर शिलक उरत नाही असे समजू. मग त्याच ४०० युनिटांची किंमत २,४०० रुपये होते आणि लाभ जेमतेम ५० रुपये राहतो. जे कुटुंब आधीच विजेच्या गीझरवर पाणी तापवते, त्याची स्थिती आणखी वेगळी असते. त्याचे युनिट पहाटे मोजले काय किंवा दुपारी, वजावट तीच होते. वेळ बदलून हाती काहीच येत नाही, उलट टाकीतील उष्णतेची गळती तेवढी पदरात पडते. त्यामुळे विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा ३१ मार्चच्या बिलातील शिलक पाहणे अधिक उपयुक्त.

तांत्रिक बाजूही या हिशेबात शिरते. मुख्य जोडणीवर बसवलेला संवेदक निर्यात होत असलेली वीज मोजतो व नियंत्रक तेवढीच रॉडला पुरवतो. साधा स्वयंचलित स्विच मात्र १,५०० वॅटचा रॉड पूर्णच चालू करतो. शिलक एक हजार वॅट असेल तर उरलेले पाचशे वॅट ग्रीडमधून येतात. भर दुपारी मीटरवरील आयातीचा आकडा सरकताना दिसला, तर हाच दोष समजावा. इलेक्ट्रॉनिक पॅनेल असलेल्या गीझरला असा कमी-जास्त होणारा पुरवठा मानवत नाही. त्यासाठी साधे तापक व यांत्रिक थर्मोस्टॅटच हवे. बादलीत सोडलेला उघडा रॉड तर अशा यंत्रणेला कधीही जोडू नये, कारण तो केव्हा चालू होईल हे घरातल्यांना ठाऊक नसते. विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो, शिवाय पाणी आटल्यास रॉड जळतो.

जानेवारीत दाट धुके पडले की कित्येक दिवस निर्मिती इतकी घसरते की वळवण्याजोगे काही उरतच नाही. वरील हिशेबात म्हणूनच पूर्ण हिवाळा न धरता शंभर दिवस धरले आहेत. धुक्याच्या सकाळी त्या घराला गॅस पेटवावाच लागतो.