डोक्यावरची आवाळू : कुठली सोडून द्यायची, कुठली दाखवायची

पाटी डोक्यावर घेताना चुंबळीखाली काहीतरी टोचतं, हात लावला तर टणक गोळी, आणि लगेच मनात येतं की कॅन्सर तर नाही? बडोद्यातल्या आपल्या घरांमधून असे प्रश्न येतात म्हणून हे लिहितोय.

आपण जिला आवाळू म्हणतो ती बहुतेक वेळा पायलर सिस्ट असते. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून एक पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन, म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात तेच द्रव्य, साठत जातं. काही लोक तिला चरबीची गाठ म्हणतात, पण आत चरबी नसतेच. मध्यमवयीन बायकांत ती जास्त दिसते, आणि घराण्यातही चालते.

असं धरा, पन्नाशीच्या एका ताईंना दोन गाठी आहेत, एक बोराएवढी, एक वाटाण्याएवढी. त्यांच्या आईलाही होत्या. पाच-सहा वर्षांत गाठ हळूहळू वाढली. दाबली तर गुळगुळीत, कातडीखाली थोडी सरकते, दुखत नाही. ही साधी आवाळूच. एकदा डॉक्टरांकडून खात्री करून घ्यायची आणि त्रास नसेल तर सोडून द्यायची. चुंबळ रोज तिच्यावरच बसत असेल तर काढलेली बरी.

दाबून किंवा सुईने फोडू मात्र नका. पिशवी आत फुटली की भोवती सूज येते, लाल होतं, ठणकतं. शिवाय पिशवीचं अस्तर आत राहिलं की गाठ पुन्हा भरते. सर्जन जागा बधिर करून छोटा छेद घेतात आणि पिशवी अख्खी बाहेर काढतात. हिचं अस्तर जाड असल्यामुळे ती बहुधा न फुटता निघते. सुजलेली असेल तर आधी सूज उतरवतात, मग काढतात. डोक्याच्या कातडीतून रक्त जास्त येतं, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. टाके साधारण आठ-दहा दिवसांनी निघतात, तोवर पाटी डोक्यावर नको.

आता घाई कधी करायची? गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, खालच्या हाडाला चिकटल्यासारखी घट्ट वाटली, वरची कातडी फुटून जखम झाली किंवा रक्त येऊ लागलं, मानेत गाठी आल्या, तर थांबू नका. टक्कल असलेल्या आपल्या नाखवांनी उन्हात भाजणाऱ्या टाळूवरची न भरणारी खपली गाठ नसली तरी दाखवावी. गाठ धडधडत असेल किंवा तापासोबत पू येत असेल तर त्याच दिवशी जा.

लहान मुलाच्या डोक्यावर मधोमध जन्मापासून गाठ असेल तर ती आवाळू समजू नका. तिचा धागा आत कवटीपर्यंत गेलेला असू शकतो, म्हणून स्कॅन केल्याशिवाय कोणालाही ती कापू देऊ नका.

सयाजी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. काढलेली गाठ तपासणीला पाठवा असं सांगा, आणि रिपोर्ट घ्यायला परत जा.