वहीतल्या नोट्सची अभ्यास-मार्गदर्शिका कशी बनवायची? पीएमईजीपीच्या एका पानावरून शिकूया



लातूर-नांदेडकडच्या ट्रेनिंगमध्ये पीएमईजीपीचं लेक्चर झालं की बहुतेकांच्या वहीत साधारण असं पान तयार होतं:

> २५, ३५, १५, २५ टक्के. स्वतःचे १०/५. ८ वी पास. महिला – विशेष. ३ वर्षे लॉक. ५० लाख / २० लाख. नवीनच युनिट.

लिहिलेलं सगळं बरोबर आहे. पण महिन्याने प्रोजेक्ट रिपोर्ट करायला बसलात की ३५ टक्के कुणाला आणि २५ टक्के कुणाला, हे आठवत नाही. चुकीचा टक्का धरला तर दहा लाखांच्या प्रकल्पात सरळ एक लाखाचा फरक पडतो. म्हणून हेच पान आज नीट लावूया.

१. आधी खुणा करा, पुन्हा लिहू नका

लेक्चरच्या दिवशीच संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक नोंदीशेजारी एक अक्षर टाका: आकडा असेल तर "आ", अट असेल तर "अ". संदर्भ आठवत नसेल तर "?". वरच्या पानावर "८ वी पास" ला "?" येईल, कारण ही अट कुणाला आणि केव्हा लागू होते ते लिहिलेलंच नाही. अशा "?" दुसऱ्या दिवशी सरांना किंवा शेजारी बसणाऱ्याला विचारून घ्या. आठवडा गेला की त्यांनाही आठवत नाही.

२. हेडिंग प्रश्नाच्या रूपात द्या

"अनुदान" असं हेडिंग दिलं तर त्याखाली काहीही भरलं जातं. "मला किती अनुदान मिळेल?" असं लिहिलं की त्याखाली फक्त उत्तरच बसतं. या पानाला चार प्रश्न पुरतात: कोण अर्ज करू शकतो? प्रकल्प किती मोठा चालतो? किती अनुदान मिळेल? पैसे हातात कधी येतात?

३. बुलेटमध्ये अट सोडू नका

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. "८ वी पास आवश्यक" हा बुलेट छान दिसतो, पण चुकीचा आहे. पूर्ण बुलेट असा:

- उत्पादन प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवा प्रकल्प ५ लाखांच्या वर असेल तरच किमान ८ वी पास लागतं.

बघा, छोटा बुलेट वाचून सातवी शिकलेला माणूस आठ लाखांच्या उत्पादन प्रकल्पाचा अर्जच करणार नाही. प्रत्येक बुलेट तपासताना हेडिंग हाताने झाका. नुसता बुलेट वाचून "कुणाला? केव्हा?" याचं उत्तर मिळतं का? नसेल मिळत तर वाक्य अपुरं आहे.

४. दोन अटी एकत्र आल्या की तक्ता करा

अनुदान दोन गोष्टींवर ठरतं: तुमचा प्रवर्ग आणि युनिटची जागा. हे बुलेटमध्ये गोंधळतं. तक्त्यात सरळ दिसतं:

| प्रवर्ग | स्वतःचे भांडवल | अनुदान, शहरात | अनुदान, ग्रामीण |
|---|---|---|---|
| सर्वसाधारण | १०% | १५% | २५% |
| विशेष (महिला, अनुसूचित जाती-जमाती, इमाव, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग इ.) | ५% | २५% | ३५% |

तक्त्याखाली "२०२२ च्या सुधारित नियमांप्रमाणे" असं लिहा. उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख ही मर्यादाही त्याच वर्षी वाढली. आधी ती २५ आणि १० लाख होती. वर्ष लिहिलं नसेल तर जुनी वही आणि नवी वही यांत भांडण लागतं. अर्ज करताना चालू नियम बघायचेच.

५. वही बंद करून एक उदाहरण सोडवा

औसा तालुक्यातल्या गावात एका ताईंना १० लाखांचं मसाला युनिट टाकायचं आहे. तक्त्याप्रमाणे त्यांचे स्वतःचे ५०,०००, बँकेचं कर्ज ९.५ लाख आणि अनुदान ३.५ लाख. तेवढंच युनिट नांदेडच्या वजिराबादमध्ये सर्वसाधारण प्रवर्गातला पुरुष टाकत असेल तर स्वतःचे १ लाख, कर्ज ९ लाख, अनुदान १.५ लाख.

आता ताईंची बेरीज करा. ५०,०००, ९.५ लाख आणि ३.५ लाख मिळून साडेतेरा लाख होतात! प्रकल्प तर दहाचा. इथे अडकलात म्हणजे चौथ्या प्रश्नाखाली हा बुलेट राहिला:

- अनुदान हातात मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीसारखं राहतं. युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जात वळतं होतं.

वहीत "३ वर्षे लॉक" एवढंच होतं. उदाहरण सोडवलं म्हणून कळलं की "काय लॉक?" हे राहून गेलंय. मार्गदर्शिका पूर्ण झाली का, याची परीक्षा हीच: मूळ वही न उघडता उदाहरण सुटलं पाहिजे. वही उघडावी लागली तर जी ओळ शोधली ती मार्गदर्शिकेत उतरवा.

मूळ वही मात्र फेकू नका. मार्गदर्शिकेच्या प्रत्येक हेडिंगशेजारी वहीचा पान नंबर टाका. पुढच्या व्हिडिओआधी तुमच्या एका पानावर हे करून बघा.