गावच्या धावेचं नाव: बिबवर मावेल आणि सगळ्यांचं वाटेल असं

समजा, बोईसरजवळच्या चिंचणीत शाळेच्या छपरासाठी दरवर्षी ५ किमीची धाव घ्यायची आहे. मीटिंगमध्ये पहिलं नाव बहुतेक असं येतं: 'अमुक प्रतिष्ठान आयोजित भव्य चिंचणी मॅरेथॉन २०२६'. बिब असतो साधारण अर्ध्या ए-फोर कागदाएवढा. नंबर मोठा हवा, म्हणून नावाला वर दोन बोटांची पट्टी उरते.

आता कापूया. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी, तो शब्द इथे नकोच. वर्ष घातलं तर उरलेले बिब पुढच्या वर्षी रद्दी. प्रतिष्ठानचं नाव पुढे असलं की वर्गणी मागताना दुसऱ्या पाड्यावर ऐकू येतं, "तो त्यांचा कार्यक्रम आहे ना?" प्रायोजकही नावात नको. मुंबई मॅरेथॉन २००४ला स्टँडर्ड चार्टर्डच्या नावाने सुरू झाली, २०१८पासून टाटांच्या नावाने आहे. त्यांना बदल परवडतो, आपल्याला नवे बॅनर परवडत नाहीत.

मी 'धावते चिंचणी' ठेवेन. यात धावणारं अख्खं गाव आहे, चालत येणारी आजीसुद्धा. 'शाळेच्या छपरासाठी' ही ओळ खाली बारीक टाका. पुढच्या वर्षी कारण बदललं तर नव्या कारणाचा स्टिकर त्यावर चिकटवता येतो.

प्रेसला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या उड्या मारतात. आधी एक प्रिंट शर्टाला टाचून दहा पावलांवरून वाचा. 'चिं'चा अनुस्वार वेलांटीत मिसळत असेल तर फॉन्ट कमी जाड घ्या.