एकाच खोलीचे तीन दर? आधी जुळवा, मग छापा

व्हिडिओत आपण कोकणातल्या होमस्टेचं उदाहरण घेतलं होतं. तेच इथे आकड्यांसकट बघू.

समजा, तुमच्या दोन माणसांच्या खोलीचा दर ब्रोशरवर 1800 आहे, वेबसाइटवर 2200 आणि काउंटरवरच्या रेट कार्डवर 2000. लगेच खोडाखोड करू नका. आधी प्रत्येक दरात काय काय धरलंय ते बघा. वेबसाइटच्या दरात दोघांचा नाश्ता धरलाय. रेट कार्डवर तो वेगळा, माणशी 120 रुपये. म्हणजे 2000 अधिक 240, झाले 2240. वरवर 200 चा वाटणारा फरक प्रत्यक्षात 40 चाच निघाला! ब्रोशर मात्र दोन वर्षांपूर्वीचं आहे. तो दर खरोखरच जुना.

आता तारखा. ब्रोशरवर सीझन छापलाय ‘28 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर’. 2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, तेव्हा ते बरोबर होतं. 2025 मध्ये ते 21 ऑक्टोबरला आलं. म्हणजे ऐन गर्दीत ब्रोशरप्रमाणे साधा दर लागू! म्हणून नुसतं ‘दिवाळी सीझन’ किंवा वर्ष नसलेली तारीख लिहू नका. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, दोन्ही वर्षासकट लिहा.

तिसरी गोष्ट दाव्यांची. एकीकडे ‘समुद्र 5 मिनिटांवर’, दुसरीकडे ‘चालत 12 मिनिटं’. पहिला आकडा गाडीचा असेल, पण तसं लिहिलेलं नाही. एकदा घड्याळ लावून चालत जा आणि जो वेळ लागेल तोच सगळीकडे टाका.

हे सगळं एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. रकाने असे: सेवा, दर, किती माणसांसाठी, त्यात काय धरलंय, कधीपासून, कधीपर्यंत. ही तुमची मूळ यादी. यापुढे दर बदलला की आधी इथे बदलायचा, मग बाकीकडे.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला ठेवा. वेबसाइट आधी, कारण ती लगेच बदलता येते. रेट कार्ड त्याच दिवशी. उरलेल्या ब्रोशरांवर नव्या दराचं स्टिकर लावा, नाहीतर ती रद्दीत घाला. पुढच्या छपाईत ब्रोशरवर दर टाकूच नका, वेबसाइटचा क्यूआर कोड द्या.

आणि जुनं ब्रोशर घेऊन पाहुणे दारात आले तर? त्यावर मुदत छापलेली नसेल, तर त्यांना तो दर जुना आहे हे कळणार कसं? अशा वेळी 1800 च घ्या आणि नवीन रेट कार्ड हातात द्या. नाश्त्यासह 2200 धरले तर तुमचे 400 रुपये जातील, पण काउंटरवरचा वाद टळेल.

आज एकच काम करा: तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि पहिली ओळ जुळवा.