सांवेर मार्गावरील विद्यार्थ्याचा आठवडा

इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्याचा शहरालगतचा भाग सांवेर रोड या नावाने ओळखला जातो. तेथे औद्योगिक वसाहत आहे. पुढे सुमारे ३० किलोमीटरवर सांवेर हे तालुक्याचे गाव लागते. इंदूरमधील शिकवणी वर्गांची मोठी वस्ती मात्र शहराच्या दक्षिण भागात, भंवरकुआँ परिसरात आहे. त्यामुळे सांवेरहून येणाऱ्या विद्यार्थ्याला सारे शहर ओलांडावे लागते.

उदाहरणादाखल, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी घेऊ. वर्ग आठवड्यातून ६ दिवस, सकाळी ९ ते १२ व दुपारी १ ते ३. घरापासून वर्गापर्यंत, बस बदलून, दीड तास. म्हणजे आठवड्यात ३० तास वर्ग व १८ तास प्रवास. हे १८ तास अभ्यासाचे समजून वेळापत्रक आखले, तर ते पहिल्याच आठवड्यात कोलमडते. बसची वाट पाहणे, गर्दीत उभे राहणे, शहरात गाडी बदलणे यांत बराच वेळ जातो. म्हणून एका फेरीतील ३० मिनिटेच हिशेबात धरावीत. आठवड्याचे हे ६ तास होतात.

बसमध्ये कोणता अभ्यास करावा, हा खरा प्रश्न आहे. चालत्या गाडीत पुस्तक वाचताना डोळ्यांना पान स्थिर दिसते, पण कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल जाणवते. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते. गणिते सोडविणेही तेथे जमत नाही. जमते ते आठवणे. विद्यार्थ्याने प्रत्येक विषयाचा तास संपताच खिशातील वहीत त्या पाठावरचे ५ प्रश्न, उत्तरे न लिहिता, नोंदवावेत. दिवसात दोन पाठ झाले तर १० प्रश्न होतात. परतताना एक प्रश्न पाहावा, वही मिटावी, खिडकीबाहेर नजर ठेवून मनात पूर्ण उत्तर मांडावे. जे उत्तर आले नाही, त्यावर खूण करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच प्रश्न पुन्हा घ्यावेत.

या पद्धतीला आधार आहे. २००६ साली रोडिगर व कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या दोन पद्धतींची तुलना केली. एकीत उतारा पुन्हा वाचायचा होता, दुसरीत तो न पाहता आठवून लिहायचा होता. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणे सरस ठरले. पण आठवड्यानंतर आठवून लिहिलेले अधिक लक्षात राहिले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येत असल्याचा भास होतो, हेच त्यातील फसवे अंग होय.

मधल्या सुटीत जेवण झाल्यावर ३० मिनिटे उरतात. त्यांत खुणा केलेल्या प्रश्नांचीच उत्तरे टिपणांत पाहावीत. तरीही न उलगडलेली शंका त्याच दिवशी शिक्षकांना विचारावी. याचे ३ तास होतात.

नवीन व कठीण काम घरासाठी राखून ठेवावे. विद्यार्थी पाचच्या सुमारास घरी पोहोचतो. ६ ते ८ या सलग बैठकीत त्या दिवसाची भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रातील उदाहरणे पुस्तक न उघडता सोडवावीत. पावणेनऊ ते पावणेदहा जीवशास्त्राचे वाचन करावे. अशा १८ तासांपैकी बुधवार व शनिवार यांची रात्रीची बैठक रिकामी ठेवून ती राहिलेल्या कामाला द्यावी. बस चुकणे, ताप येणे, पाहुणे येणे या गोष्टी घडणारच. त्यांची भरपाई येथे होते.

रविवारी ५ तास पुरेत. २०२५ साली ही परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत झाली व १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. म्हणून रविवारी याच वेळी सराव परीक्षा द्यावी. नंतरचे २ तास चुका तपासण्यात घालवावेत. प्रत्येक चूक न समजल्यामुळे झाली, विसरल्यामुळे झाली की घाईमुळे, हे तिच्यापुढे लिहावे. विसरलेले प्रश्न पुढील आठवड्याच्या बसच्या वहीत जावेत. न समजलेले बुधवारच्या बैठकीत.

बेरीज केली असता बस ६, सुटी ३, घर १८, रविवार ५, असा ३२ तास स्वाध्याय होतो. म्हणजे वर्गाच्या ३० तासांहून किंचित अधिक.

योजना बिघडत आहे हे वहीच सांगते. शनिवारी खुणांचे प्रश्न मोजावेत. सलग दोन शनिवार संख्या वाढली, तर वर्गाचा वेग विद्यार्थ्याच्या पचनाबाहेर गेला आहे असे समजावे. अशा वेळी झोप कापून तास वाढवू नयेत, कारण सकाळच्या बसमध्ये तो विद्यार्थी आठवण्याऐवजी डुलकी घेईल. त्या आठवड्यापुरती नव्या उदाहरणांची संख्या निम्मी करून वही आधी रिकामी करावी. एवढ्यानेही फरक न पडल्यास वर्गाच्या जवळ राहण्याची सोय करावी की शिकवणीचे तास कमी करावेत, याचा विचार पालकांनी शिक्षकांशी बोलून करावा.