शाब्दिक उदाहरणांचा पाठ : आकडेमोडीपूर्वीचे टप्पे

शाब्दिक उदाहरणात विद्यार्थी बहुधा आकडेमोडीपूर्वीच चुकतो. ‘जास्त’ दिसले की बेरीज, ‘कमी’ दिसले की वजाबाकी, अशा खुणा त्याने पाठ केलेल्या असतात. पोल्या या गणितज्ञाने 1945 साली मांडलेले चार टप्पे, म्हणजे प्रश्न समजून घेणे, रीत ठरविणे, ती अमलात आणणे आणि पडताळा घेणे, पाठ टाचणात सर्रास लिहिले जातात. प्रत्यक्ष तासिकेत मात्र पहिला आणि शेवटचा टप्पा गळतो.

सातवी-आठवीच्या शेकडेवारीवरील 40 मिनिटांच्या तासिकेसाठी पुढील उदाहरण घेऊ. खाद्यतेलाचा दर 25 टक्क्यांनी वाढला. तेलावरचा खर्च तेवढाच ठेवायचा असल्यास कुटुंबाने वापर किती टक्क्यांनी कमी करावा?

पहिली दहा मिनिटे आकडेमोड करू नये. काय काढायचे? वापरातील घट. ती कशाच्या तुलनेत? मूळ वापराच्या. न बदलणारी राशी कोणती? खर्च. ही तीन उत्तरे विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावीत. त्यानंतर संबंध मांडावा : दर गुणिले वापर म्हणजे खर्च. फक्त टक्के दिलेले असल्याने सोयीच्या संख्या मानता येतात. मूळ दर किलोला 100 रुपये आणि वापर 4 किलो मानल्यास खर्च 400 रुपये होतो. नवा दर 125 रुपये, म्हणून नवा वापर 400 भागिले 125, म्हणजे 3.2 किलो. घट 0.8 किलो, ती 4 किलोच्या 20 टक्के आहे.

वर्गात अनेकांचे उत्तर 25 येईल. ते खोडण्याऐवजी त्याचाच पडताळा घ्यायला लावावा : 4 किलोत 25 टक्के घट म्हणजे 3 किलो, आणि 125 रुपये दराने खर्च 375 रुपये. खर्च कायम राहिला नाही, हे विद्यार्थ्यालाच दिसते. येथे शिक्षकाने वही मात्र पाहावी. काहींनी दरवाढीचा आकडा तसाच उचललेला असतो, तर काहींनी 0.8 ला 3.2 ने भागलेले असते. उत्तर एकच असले तरी दुसऱ्याची चूक तुलनेचा पाया निवडण्यातील आहे, म्हणून त्याला ‘कशाच्या तुलनेत?’ या प्रश्नाकडेच परत न्यावे लागते.

दुसरे उदाहरण अर्धवट सोडवून द्यावे : दर 20 टक्क्यांनी उतरल्यास तेवढ्याच खर्चात किती टक्के जास्त तेल मिळेल? तिन्ही प्रश्नांची उत्तरे फळ्यावर असावीत. पुढचे विद्यार्थ्यांनी करावे. येथे उत्तर 25 टक्के येते. मघाचे चुकीचे उत्तर आता बरोबर कसे ठरले, यावरील चर्चेला पाच मिनिटे जरूर द्यावीत.

तिसरे उदाहरण मुद्दाम वेगळ्या प्रकारचे असावे. रमाकडे 36 पुस्तके आहेत आणि ती सलमापेक्षा 12 ने जास्त आहेत, सलमाकडे किती? ‘जास्त’ पाहून 48 लिहिणाऱ्याने टप्पे वापरलेले नाहीत. एकाच साच्याची दहा उदाहरणे दिल्यास हा फरक शिक्षकाला कळतच नाही, कारण तेथे रीत निवडावीच लागत नाही. कोणता संबंध मांडायचा, हे टप्पे सांगत नाहीत. त्यासाठी गृहपाठात निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे मिसळूनच द्यावी लागतात.