मराठी शाळेत लुटुपुटूची निवडणूक: खर्च किती, वेळ किती, घोळ कुठे

नोव्हेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळांमध्ये कुणीतरी सुचवतंच, ‘यंदा मुलांची निवडणूक घेऊया.’ जरूर घ्या. चोवीस मुलांच्या वर्गाला साहित्य पंचवीस-तीस डॉलरमध्ये येतं आणि दोन रविवार पुरतात. मात्र खरं बिल साहित्याचं नसतंच. ते हॉलच्या वाढीव तासाचं असतं आणि निकाल पाळण्याचं असतं. दोन्ही आधी ठरवा, मग फोम बोर्ड आणायला निघा.

सगळ्यात आधी विषय. खऱ्या पक्षांचे खरे उमेदवार घेऊ नका. तुमची शाळा बहुधा महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली चालते आणि मंडळाची नोंदणी बहुधा करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून, म्हणजे 501(c)(3) खाली, झालेली असते. अशा संस्थेला सार्वजनिक पदाच्या कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही. हा नियम 1954 पासून आहे. निःपक्षपाती मतदार-शिक्षण चालतं, पण नऊ वर्षांच्या मुलीने रंगवलेलं खऱ्या उमेदवाराचं पोस्टर मंडळाच्या फेसबुक पानावर गेलं की ‘तो वर्गातला उपक्रम होता’ हे समजावत कोण बसणार? शिवाय मुलं घरी ऐकलेलंच बोलतात आणि पालकांचं राजकारण वर्गात उलगडतं. ‘तुझे आईबाबा कुणाला मत देतात?’ हा प्रश्न तर कुणी गमतीतही विचारू नये. सरकारी शाळांत मुलांना अनिवार्य सर्वेक्षणात स्वतःची किंवा पालकांची राजकीय मतं विचारण्यावर संघीय कायद्याने बंधनं घातली आहेत. तोच दंडक तुमच्याकडेही लावा.

वर्गातलीच दोन-तीन मुलं उमेदवार म्हणून उभी करण्याचाही मोह टाळा. मग निवडणूक मुद्द्यावर न होता कोण कुणाचा मित्र यावर होते, आणि पडलेलं मूल पुढच्या रविवारी पोटात दुखतंय म्हणून घरी राहतं. त्यापेक्षा पैसा मैदानात उतरवा. शाळेकडे 150 डॉलर आहेत, ते कशावर खर्च करायचे? दिवाळीचा सामुदायिक किल्ला, क्रिकेटचा संच, की मराठी चित्रकथांची पेटी? तीन पर्याय, प्रत्येकासाठी तीन-चार मुलांची प्रचार-चमू. मतदार सगळेच, आणि चमूंबाहेरच्या मुलांतलेच निवडणूक कर्मचारी.

हे 150 डॉलर हाच तुमचा ठरलेला सर्वात मोठा खर्च. मुलं जे निवडतील ते खरंच आणावं लागतं, त्यामुळे समितीची मंजुरी आधी लेखी घ्या. समितीला न परवडणारा पर्याय मतपत्रिकेवर येऊच देऊ नका. किल्ला जिंकला आणि मावळे भारतातून मागवायचे ठरले, तर टपालखर्च खेळण्यांहून जास्त होऊ शकतो. किल्ल्याच्या अंदाजपत्रकात तो आधीच धरा.

तारखा. 2026 ची खरी निवडणूक मंगळवारी, 3 नोव्हेंबरला आहे. त्याआधीचा रविवार, 1 नोव्हेंबर, घड्याळं मागे करण्याचा. निम्मे पालक चुकीच्या वेळी येतात. त्यापुढचा रविवार, 8 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाचा. म्हणून प्रचारासाठी 18 ऑक्टोबर आणि मतदान-मोजणीसाठी 25 ऑक्टोबर धरा. किल्ला निवडून आला तरी बांधायला दोन आठवडे हातात राहतात.

कागदपत्रं मोजकीच. शाळा सरकारी इमारतीत भरत असेल तर जागा वापरण्याचा अर्ज आणि विम्याचं प्रमाणपत्र तुमच्या समितीकडे असेलच. बहुतेक ठिकाणी दहा लाख डॉलरचं दायित्व-कवच मागतात. त्यातली वेळ तेवढी तपासा. करार साडेबाराचा असेल आणि मोजणी पाऊणपर्यंत लांबली, तर नुसते पंधरा मिनिटांचेच पैसे लागत नाहीत. सुटीच्या दिवशीचा कस्टोडियन जादा दराने येतो आणि अनेक ठिकाणी त्याचे किमान तास ठरलेले असतात. सबंध उपक्रमाच्या खर्चाहून हे बिल मोठं येऊ शकतं. मदतीला नवे पालक येणार असतील तर त्यांची पार्श्वभूमी-तपासणी सहा आठवडे आधी सुरू करा. नियम आणि शुल्क राज्यागणिक बदलतात. काही राज्यांत साधी तपासणी स्वयंसेवकांना मोफत असते, पण बोटांच्या ठशांचे पैसे पडतात. फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि मतदान-कक्षातला फोटो कुणालाही काढू देऊ नका.

आता साहित्य. मतपेटी म्हणजे घरी आलेलं खोकं, वर चीर, कडांना टेप. ती सुरुवातीला सगळ्यांना रिकामी दाखवायची आणि मग बंद करायची. मतदान-कक्षासाठी डॉलर स्टोअरमधले तीन घड्यांचे बोर्ड, तीनांचे पाच-सहा डॉलर. मतपत्रिका अर्ध्या पानाच्या, 18 कागदांत 36. ग्रंथालयात छापल्या तर साधारण दोन ते चार डॉलर. प्रत्येक चमूला प्रचारासाठी पाच डॉलर, म्हणजे पंधरा. ‘मी मत दिलं’ स्टिकरची गुंडाळी आठ-दहा डॉलरला मिळते, पण तिच्यावाचून काही अडत नाही. काउंटीचं निवडणूक कार्यालय अनेक ठिकाणी जुने कक्ष किंवा नमुना मतपत्रिका शाळांना उसन्या देतं, पण ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे मान वर करायला वेळ नसतो. ऑगस्टमध्ये फोन करा, नाहीतर नाद सोडा.

मतपत्रिकेवर प्रत्येक पर्यायाचं चिन्ह हवंच, कारण धाकट्यांना देवनागरी अजून अडखळत वाचता येते. पर्यायांचा क्रम तीन प्रकारे छापा, प्रत्येकी बारा प्रती. वरच्या नावाला आयती मतं मिळू नयेत म्हणून ओहायो आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत नावं अशीच फिरवतात. दहा वर्षांवरच्या वर्गात पहिली आणि दुसरी पसंती, म्हणजे 1 आणि 2, लिहायला सांगा. का, ते मोजणीत कळेल.

प्रचारात छुपा खर्च हमखास होतो. एका चमूचे बाबा ऑफिसातून रंगीत पोस्टरं आणतात, दुसरीकडची आजी लाडू वाटते. आधीच सांगा: पाच डॉलरची पावती दाखवायची, घरून आलेल्या वस्तूची बाजारभावाने किंमत लावायची, आणि मतदाराला खाऊ म्हणजे लाच. हिशेबाचा कागद भिंतीवर लावा. संघीय निवडणुकीत 2025-26 साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी 3,500 डॉलरच देता येतात, हे सांगितलं की मुलं पाच डॉलरची मर्यादा मुकाट्याने मान्य करतात. मतदानाच्या दिवशी पोस्टरं खोलीबाहेर. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत केंद्रापासून 100 फुटांत प्रचाराला बंदी आहे, भारतात 100 मीटरमध्ये. आजी-आजोबा मुक्कामाला असतील तर शाईचं काम त्यांच्याकडे द्या. जांभळ्या मार्करचा नखावर ठिपका पुरतो.

25 तारखेचं वेळापत्रक: दहाला शेवटची भाषणं, प्रत्येक चमूला पाच मिनिटं. सव्वादहाला मतदान, तीन कक्षांत चोवीस मुलं वीस मिनिटांत होतात. पावणेअकरा ते साडेअकरा मोजणी, त्यानंतर पाऊण तास चर्चा, आवराआवरीला दहा-पंधरा मिनिटं. बहुतेक ठिकाणी भाषणं लांबतात आणि मोजणी एक शिक्षिका घाईघाईने उरकते. तसं झालं तर मुलांच्या पदरी पोस्टर रंगवण्यापलीकडे फारसं पडत नाही. भाषणं कापा, मोजणी कापू नका.

मोजणीआधी कागद जुळवा. समजा 36 मतपत्रिका छापल्या. यादीवर 24 सह्या आहेत. 26 पत्रिका वाटल्या, कारण दोघांनी खाडाखोड करून बदलून घेतल्या. त्या दोन रद्द पाकिटात, 10 कोऱ्या शिल्लक. म्हणजे पेटीत 24 निघायला हव्यात. 25 निघाल्या तर तिथेच थांबा आणि सह्या पुन्हा मोजा. बेरीज जुळेपर्यंत एकही घडी उघडायची नाही.

मग एकाने मोठ्याने वाचायचं, प्रत्येक चमूच्या एका प्रतिनिधीने खांद्यावरून पाहायचं आणि दोघांनी वेगवेगळ्या फळ्यांवर रेघा मारायच्या. पर्यायांचा क्रम फिरवलेला आहे, म्हणून ‘वरच्याला मत’ असं वाचू नये; नावच वाचावं. समजा निघालं असं: क्रिकेट 10, किल्ला 8, चित्रकथा 5, आणि एक वादग्रस्त. सर्वाधिक मतांच्या साध्या नियमाने क्रिकेट जिंकलं. पण पसंतीक्रमाने चित्रकथा बाद होते आणि तिची पाच मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात. चार किल्ल्याला गेली, एक क्रिकेटला. किल्ला 12, क्रिकेट 11. त्याच मुलांची तीच मतं, निकाल उलटा. मेन राज्यात 2018 मध्ये नेमकं हेच घडलं. काँग्रेसच्या दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या फेरीत ब्रूस पोलिक्विन पुढे होते, पसंतीची मतं वळल्यावर जेरेड गोल्डन निवडून आले. म्हणून कोणता नियम लागू होणार हे 18 तारखेलाच फळ्यावर लिहा. मोजणीनंतर नियम निवडलात तर तुम्ही निकालच निवडलात, आणि मुलांना ते लगेच कळतं.

आता ती वादग्रस्त पत्रिका. क्रिकेट आणि किल्ला दोन्हींपुढे 1 लिहिलंय आणि किल्ल्यापुढच्या आकड्यावर आडवी रेघ आहे. क्रिकेटला धरली तर 12-12. बाद ठरवली तर किल्ला एका मताने पुढे. इथे व्हर्जिनियाची गोष्ट सांगा. 2017 मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या 94 व्या मतदारसंघात फेरमोजणीत शेली सायमंड्स एका मताने पुढे होत्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक पत्रिका मान्य केली. तिच्यावर दोन्ही उमेदवारांपुढची वर्तुळं भरलेली होती आणि सायमंड्स यांच्या वर्तुळावर तिरकी रेघ होती. ते मत डेव्हिड यान्सी यांना गेलं आणि दोघांची 11,608 अशी बरोबरी झाली. 4 जानेवारी 2018 ला एका वाडग्यातून चिठ्ठी काढली, यान्सी यांचं नाव निघालं आणि सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं बहुमत 51-49 असं टिकलं.

तीन मुलांचं पंचमंडळ नेमा, प्रचारात नसलेल्यांचं. पत्रिका प्रोजेक्टरवर दाखवा, पण ‘ही कुणाची?’ असं विचारू नका आणि विचारू देऊ नका. चुकलं तर नवी पत्रिका मागायची, अशी सूचना तुम्ही छापली होती का? छापली असेल तर बाद करण्याला आधार आहे. नसेल तर रेघेचा अर्थ लावावा लागेल. पंचांनी कारण लिहून सही करायची. बरोबरी झाली तर चिठ्ठी, हेही आधीच लिहिलेलं हवं.

चर्चेत ‘कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: पहिल्या फेरीत पुढे असलेल्या क्रिकेटवाल्यांवर अन्याय झाला का? चित्रकथेला मत देणाऱ्या पाचांचं मत वाया गेलं का? ‘यांपैकी काहीच नको’ असा रकाना हवा होता का? भारतात तो 2013 पासून आहे, अमेरिकेत नेवाडामध्ये 1970 च्या दशकापासून. क्रिकेटची चमू या वेळी भडकलेली असते. त्यांना आधी बोलू द्या, आणि फेरमोजणी मागितली तर नाही म्हणू नका. चोवीस पत्रिकांना सात मिनिटं लागतात.

संघीय निवडणुकीची कागदपत्रं 22 महिने जपावी लागतात. तुमची पाकिटं सीलबंद करून पुढच्या रविवारपर्यंत ठेवा, कारण ‘नीट मोजलं ना?’ असा पालकांचा फोन बहुधा मंगळवारी येतो. त्यानंतर श्रेडरमध्ये घाला. ओळखीच्या अक्षरातले आकडे कचऱ्याच्या डब्यात सापडले, तर गुप्त मतदान गुप्त राहत नाही.